आप्पांनी वर बघितलं

आमचे आप्पा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. जमिनीकडे बघतात, काडीनं माती उकरतात आणि मधूनमधून नाकातल्या नाकात हसतात. माझ्या लग्नाची बोलणी असो नाहीतर आजी गेल्याची बातमी, पद्धत हीच. मी पोलिसात भरती झाले तेव्हाही मातीलाच म्हणाले, "बरं झालं."

यंदा सोयाबीन निघाल्यावर मी परभणीहून सुट्टीवर येलदरीकडच्या आमच्या गावी आले, तर शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल भरदिवसा चोरीला गेलेली. आतल्या तांब्यासाठी नेतात मेले. संशय शेजाऱ्याच्या सालगड्यावर. वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस तो. एकदा चोर म्हणून नाव झालं की पंचक्रोशीत कुणी कामाला ठेवणार नाही. त्याची बायको सकाळी आमच्या अंगणात येऊन रडून गेली होती.

दुपारी जमादार आले. आमचं शेत त्या विहिरीला लागूनच, म्हणून आप्पांना विचारायला.

"आप्पा, केबल नेताना कुणाला बघितलं का?"

आप्पा मातीकडे बघत हसले. "न्हाई बा."

जमादार भडकले. "हसायलात काय? अन् नजर का चुकवायलात?"

माझं टाळकंच सरकलं. माझ्या बापाला, माझ्यासमोर! म्हटलं, "साहेब, हसण्यावरून चोर ठरवायलात का? आधी साधं विचारा. ज्यात त्यांना भ्यायचं कारण न्हाई, असं. माणूस एरवी कसा बसतो, कसा बोलतो ते बघा. मग कामाचं विचारा, अन् काय बदललं ते बघा. आमाला ट्रेनिंगला हेच शिकवलंय."

"बरं बाई, तसं करू," जमादार तोंड वाकडं करून म्हणाले. मग त्यांनी बैलांचं विचारलं, ज्वारीच्या पेऱ्याचं विचारलं, गुडघ्याच्या दुखण्याचंही विचारलं. आप्पांची काडी चालू, हसू चालू, नजर मातीत. पुन्हा केबलचं विचारलं. तेच.

"हे तर यांचं रोजचंच दिसायलंय," जमादारांनी कबूल केलं. मी अशी फुगले म्हणता! आईला चहा टाकायला सांगितला.

चहा पिता पिता जमादारांनी माझ्या धाकट्या भावाबद्दल सहज विचारलं, "पोरगा कुठं होता तुमचा त्या दिवशी?"

काडी थांबली. आप्पांनी वर बघितलं, थेट जमादारांच्या डोळ्यांत. "धाकटा जिंतूरला गेलता. सकाळच्या एसटीनं गेला, दिवस मावळताना परत आला. माझ्यासमोर बसला गाडीत." हसू नाही, काही नाही.

जमादार खूश झाले. "आता कसं नजरेला नजर देऊन बोललात! खरं माणूस. मग सालगडीच तो. घेतो त्याला ठाण्यात." कप ठेवून ते रस्त्यावरच्या मोटारसायकलकडे निघाले.

 इतक्या वर्षांत आप्पांनी माझ्याकडेसुद्धा असं बघितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बापाची बाजू घ्यायला गेले आणि बापालाच उघडं पाडलं, तेही एकट्या माझ्यापुढं. नजर बदलली म्हणजे खोटं बोलले असं होत नाही, हेही मला ठाऊक होतं. पोराचं नाव निघाल्यावर कुठलाही बाप बावरेल. पण जिथं बदललं तिथं पुन्हा विचारायचं असतं. आणि तिथं विचारणारी मीच होते.

"आप्पा, धाकटा खरंच गेलता का जिंतूरला?"

"गेलता."

मी खाली बघत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. भावाची लाज वाटत होती, बापाची वाटत होती, आणि बापावरच ठाण्यातली विद्या चालवणाऱ्या माझीही.

"तू कवा खाली बघून बोललीस गं?" आप्पा हळूच म्हणाले. "मार खातानाबी डोळे वटारून बघायचीस."

मला मान वर करता येईना. बाहेर जमादार किक मारत होते.

आप्पांनी काडी पुन्हा उचलली. "पोटचं हाय गं ते," मातीला म्हणाले. मग, "हाक मार साहेबाला. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी हाक मारली. 

जमादार परत येऊन बसले. आप्पांनी सगळं सांगितलं. धाकट्यानं केबल कुठं जाळली, तांबं कुणाला विकलं, सगळं. मातीकडे बघत, काडीनं रेघा ओढत, आणि मध्येच नाकातल्या नाकात हसत.

जमादारांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, आता का हसायलेत हे?"

"खरं बोलायलेत, साहेब," मी म्हणाले. "लिहून घ्या."