एका खान्यात एकच नाव

मला त्या शीटची किळस होती. तिच्यात सतरा रंग होते. पिवळं म्हणजे बाकी, हिरवं म्हणजे झालं, आणि गुलाबी म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचा आमचा सगळा धंदा त्या एका ऑनलाइन शीटवर चालायचा. ऑफिस घणसोली गावात, एका मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाजूच्या बिल्डिंगची खिडकी इतकी जवळ, की त्यांच्याकडे डाळीला फोडणी पडली की आम्हाला शिंका यायच्या.

फोन आला की मी शीटमध्ये एक ओळ भरायची: पेशंट, पत्ता, तपासणी. ‘कोणाला दिलं’ हा खाना रिकामा सोडायचा. पुढचं काम माझ्या कॉम्प्युटरवरच्या स्क्रिप्टचं. स्क्रिप्ट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो दर थोड्या वेळाने शीट वाचायचा, रिकामा खाना असलेली पहिली ओळ शोधायचा, आपल्या यादीतल्या, रक्त घ्यायला जाणाऱ्या पुढच्या मुलीचं नाव तिथे लिहायचा आणि तिच्या मोबाइलवर पत्ता पाठवायचा. हे ठीक चाललं होतं. मग कामं वाढली आणि आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, तीच स्क्रिप्ट स्वतःच्या लॅपटॉपवरही सुरू केली, मुलींची वेगळी यादी देऊन.

“दोघं मिळून फटाफट उडवतील,” सर म्हणाले.

मी म्हणाले, “सर, दोन्ही स्क्रिप्टनी एकदमच शीट वाचली तर दोघींना एकच ओळ रिकामी दिसेल. वाचणं आणि लिहिणं यात मधे वेळ जातो. मग दोघी तीच ओळ घेतील.”

“मग दुसरीला नाव दिसेल ना तिथे.”

“दुसरीने आधीच वाचलेलं असेल. ती परत बघत नाही, सरळ लिहिते. पहिलीचं नाव पुसून.”

मी सांगितलं, एरिया वाटून द्या. एका स्क्रिप्टला वाशीपासून बेलापूरपर्यंत, दुसरीला कोपरखैरणेपासून दिघ्यापर्यंत. म्हणजे कुणी कुणाच्या ओळीला हात लावणार नाही. सर म्हणाले, मग एक बंद पडली तर अर्धी कामं लटकतील. त्याऐवजी त्यांनी कुठल्याशा ओळखीच्या पोराकडून उपाय करून घेतला: नाव लिहिल्यावर स्क्रिप्टने तो खाना एकदा परत वाचायचा, आपण लिहिलेलंच नाव असेल तर पुढे जायचं. मी कपाळाला हात लावला. पहिलीने लिहिलं, परत वाचलं, स्वतःचं नाव दिसलं, खूश होऊन पत्ता पाठवला. त्यानंतर दुसरी रेंगाळत आली आणि तिने आपलं नाव वर चढवलं. तिनेही परत वाचलं, तिलाही स्वतःचंच नाव दिसलं. झालं की तेच!

“तू फार नेगेटिव आहेस,” सर म्हणाले. हे वाक्य ते चहा मागवावा इतक्या सहज बोलायचे.

आणि मग व्हायचं तेच झालं. नेरुळला एक आजी होत्या, आजारानं हाताच्या शिरा पार गेलेल्या. त्यांच्याकडे सकाळी आमची दिघ्याला राहणारी मुलगी गेली. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, पण आमच्याकडे सगळ्याच मुली. तिचा हात इतका हलका, की आजी दर वेळी तीच मागायच्या. तिने रक्त घेतलं आणि ती पुढच्या घरी गेली. थोड्या वेळाने दुसरी मुलगी दारात हजर. आजी म्हणाल्या, अगं, आत्ताच घेऊन गेली. तिने बिचारीने ऑफिसला फोन लावला. सरांनी शीट पाहिली आणि माझ्यासमोर सांगितलं, “शीटमध्ये तुझंच नाव आहे. घे.”

तिने तीनदा टोचलं तेव्हा कुठे रक्त आलं. दुसऱ्या दिवशी आजींच्या सुनेने काळ्यानिळ्या हाताचा फोटो पाठवला.

सरांनी तो बघितला आणि लगेच शीट उघडली. नाव एकच होतं, दुसरीचं. म्हणजे दिघ्याची आगाऊ. आमच्याकडे मुलींना व्हिजिटवर पैसे मिळत, तेव्हा सरांचा निष्कर्ष तयार: ओळखीचं घर, हिने दुसरीची व्हिजिट मारली. तिच्या मोबाइलवरची कामाची लिस्ट रोज रात्री आपोआप पुसली जायची, त्यामुळे दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. शीटचा जुना इतिहासही मी उघडून पाहिला. दोन्ही स्क्रिप्ट एकाच लॉगिनने चालायच्या, आणि इतक्या लागोपाठ झालेले बदल त्यात एकत्रच दिसत होते. पहिलं नाव कुठेच नव्हतं.

तिला ऑफिसला बोलावलं. ती पाठीवरची नमुन्यांची बॅगही न उतरवता उभी राहिली.

“मला पत्ता आला म्हनून मी गेली, सर. आजीची शप्पथ.”

“शीट खोटं बोलत नाही. उद्यापासून येऊ नकोस. आणि बाकीच्या लॅबवाल्यांनी विचारलं तर मी खरं तेच सांगणार.”

म्हणजे तिला घणसोलीतच काय, ऐरोलीतही कुणी उभं करणार नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला इतका संताप आला, की मी सरांना म्हटलं, “दहा मिनिटं बसा. मी दाखवते.”

शीटची एक कॉपी केली. तिच्यात एकच ओळ ठेवली, खाना रिकामा. दोन्ही स्क्रिप्ट त्या कॉपीवर लावल्या, मोबाइलवर पाठवायचं बंद केलं आणि दोन्ही एकदम सुरू केल्या. पहिल्या वेळी काही झालं नाही, एकीने घेतली, दुसरी गप्प बसली. सर हसले. मग मी सरांच्या लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टमध्ये, वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये, थोडं थांबायला सांगणारी एक ओळ घातली. नेट रेंगाळलं की आपोआप होतं तेवढंच. परत सुरू केलं. दोन्ही स्क्रीनवर आलं: काम मिळालं, पत्ता पाठवला. शीटमध्ये नाव एकच, उशिरा लिहिणारीचं.

“पण तू मुद्दाम थांबवलंस,” सर म्हणाले.

“मुद्दाम थांबवलं म्हणून दर वेळी दिसेल. एरवी अधूनमधून होतं आणि बाईची नोकरी जाते.”

सरांनी दोन्ही स्क्रीन पुन्हा एकदा वाचल्या. मग एरिया वाटून द्यायला त्यांनी मान डोलावली आणि तिला म्हणाले, “ठीक आहे, ये उद्यापासून. सॉफ्टवेअरचा इश्यू होता.” माफीचा शब्द नाही. आजींच्या घरी फोन नाही. ‘घे’ म्हणून कोणी सांगितलं होतं, त्याचा उल्लेखही नाही. मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

ती जिन्यापाशी थांबली. मला म्हणाली, “ताई, त्या खान्यात माझं पन नाव लिवा ना. मी गेलती तिथं. नीट घेतलं होतं मी रक्त, एका टोच्यात.”

मी तिच्यासमोरच लिहिलं. आधी तिचं नाव, मग स्वल्पविराम, मग दुसरीचं. तिने वाकून वाचलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी एरिया वाटून झाले, ओळी नीट लागत होत्या. मी सहज मागे जाऊन ती ओळ पाहिली. खान्यात परत एकच नाव होतं, दुसरीचं. मी सरांना विचारलं.

“दोन नावं टाकली की महिन्याचा रिपोर्ट एरर देतो,” ते मान वर न करता म्हणाले. “एक काढलं.”

कुणाचं काढलं ते मी विचारलं नाही, समोर दिसत होतं. या वेळी ते कुठल्या स्क्रिप्टने पुसलं नव्हतं.