आंतरदेशीय पत्राची तिसरी घडी

आक्काबाईंचं आभारपत्र तीस वर्षं पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या कचेरीत, काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. चौकटीचे मालक सावळीराम आण्णा. आलेल्या पाहुण्याला ते आधी पत्र दाखवत, मग चहा.

पत्र जानेवारी १९७४ चं, निळ्या आंतरदेशीयावर. आक्काबाईंचा नवरा सहादू आदल्या महिन्यात आण्णांच्या नव्या विहिरीत सुरुंगानं गेला होता. दोघं पेठकडच्या डोंगरातले, हंगामी कामाला उतरलेले. आण्णांनी बाईला शिलाई मशीन घेऊन दिलं, नाशकात मखमलाबाद नाक्याजवळ खोली बघून दिली. मग त्यांचे कारभारी केरूनाना खोलीवर आले. चौकशी अजून चालू होती आणि बाईची तक्रार नाही, हे कागदावर हवं होतं. आक्काबाई आश्रमशाळेत चौथी झालेल्या. नानांनी सांगितलं, त्यांनी लिहिलं.

आभारपत्राची एक रीत असते. काय मिळालं ते नाव घेऊन सांगायचं, त्याचा काय उपयोग होतोय ते सांगायचं, देणाऱ्याच्या घरच्यांची आठवण काढायची. नानांना ती पाठ होती. ‘आपण दिलेले मशीन पोचले. रोज दोन झबली शिवून होतात. वहिनीसाहेबांनी दिलेले लुगडे मुलाच्या बारशाच्या गोधडीसारखे जपून ठेवले आहे. आपल्यासारखा मालक मिळाला हे आमचे भाग्य.’ कागदाची आतली बाजू भरली.

“चिकटव अन् टाक पेटीत,” म्हणून नाना गेले.

आंतरदेशीय पत्राला तीन घड्या असतात. बाहेरून एकीवर पत्ता, दुसरीवर पाठवणाऱ्याचं नाव. तिसरी दुमडून आत जाते आणि तिच्यावरही लिहिता येतं. आक्काबाईंनी आतल्या बाजूच्या अगदी तळाशी ‘कृ. मा. प.’ लिहिलं, म्हणजे कृपया मागे पाहावे. पुढचं तिसऱ्या घडीवर लिहिलं आणि मग डिंक लावला.

आण्णांना सहीपुरतं लिहिता येत होतं. पत्र केरूनानांनी वाचून दाखवलं. आतली बाजू मोठ्यानं, तिसरी घडी मनात. मग पदरचं “कळावे, लोभ असावा” जोडून त्यांनी घडी घातली. चौकटही त्यांनीच करून आणली. मागची बाजू पुठ्ठ्याकडे गेली आणि ‘कृ. मा. प.’ लाकडी पट्टीखाली.

आण्णांचं उत्तर येईल, निदान भांडायला माणूस येईल, म्हणून आक्काबाई थांबल्या. आलं ते आण्णांकडच्या दसऱ्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं. तिथं नानांनी सगळ्यांसमोर पत्र वाचलं, “लोभ असावा” म्हणाले आणि बाईंकडे न बघता खाली बसले. आक्काबाईंना कळलं, की आण्णांपर्यंत काही पोचलेलंच नाही.

त्या दरवर्षी गेल्या. पहिल्या रांगेत बसल्या. पत्र वाचलं जायचं, लोक त्यांच्याकडे बघून मान हलवायचे. १९९१ मध्ये केरूनाना वारले. त्यानंतर कुणीतरी शिक्षक वाचू लागले, पण काचेतून दिसेल तेवढंच.

सहादू गेला तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला शाळेत पोरं ‘दारुड्याचा’ म्हणत. कारण आण्णांनी फौजदाराला सांगितलं होतं की सहादू प्यालेला होता, अडवलं तरी उतरला. पेठकडच्या गावातही तेच पसरलं. नात संध्या कॉलेजात गेली तेव्हा तिला सगळं कळलं. ती चिडली.

“आज्जी, सांगून टाक ना सगळ्यांना! दरवर्षी कशाला जाऊन बसतेस त्याच्या पुढ्यात?”

“मी सांगितलं तर म्हातारी बरळली म्हणतील. त्याच्या भिंतीवरून निघू दे.”

“आणि नाहीच निघालं तर?”

“निघंल. पण तो जिता असताना निघाया पायजे. मेल्यावर काय, फोटूला ऐकवू?”

२००४ मध्ये आण्णांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. मुलगा किशोर यानं नाशकात हॉल घेतला, स्मरणिका काढायचं ठरलं. दुसऱ्याच पानावर आक्काबाईंचं पत्र. चौकट छापखान्यात गेली. अक्षरजुळणी करणाऱ्या मीनाला काचेवरच्या ट्यूबलाइटमुळे वाचता येईना, म्हणून तिनं मागचे खिळे काढले. कागद बाहेर आला, तसा तळाचा ‘कृ. मा. प.’ दिसला. तिनं पत्र उलटलं.

प्रूफ किशोरकडे गेलं. त्यानं जाहिराती तपासल्या, मंत्र्यांच्या शुभेच्छांमधली पदनामं तपासली. पत्र तपासलं नाही. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेलं, घरात सगळ्यांना पाठ. नंतर तो मीनावर ओरडला तेव्हा ती म्हणाली, “मजकूर तुम्ही दिला, मी लावला. अर्धा लावायचा असतो का?”

कार्यक्रमात निवेदक, पिंपळगावचेच एक मास्तर, स्मरणिका हातात घेऊन पत्र वाचू लागले. ‘हे आमचे भाग्य’ इथपर्यंत नेहमीसारखं झालं. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले, पण निवेदकांनी पान उलटलं होतं.

“‘आणखी आभार मानायचे राहिले. सुरुंग सहा भरले होते. बार पाच मोजले. एक बार कमी पडला की सकाळपर्यंत विहिरीत कोणी उतरत नाही, हे आपणास ठाऊक होते. दगड उपसायची यारी दुसऱ्याच्या विहिरीवर जायची होती, म्हणून दोन बार एकदम झाले असे आपण म्हणालात...’”

निवेदक थांबले. हॉलमध्ये पानं उलटल्याचा आवाज झाला. आण्णांना कमी ऐकू येत असे. आपलं पत्र मध्येच का अडलं, ते त्यांना समजेना.

“वाच की, मास्तर! पत्र लय चांगलं हाय ते. मोठ्यानं वाच!”

किशोर उठला. तो माइकपर्यंत पोचायच्या आत मास्तरांनी उरलेलं भराभर वाचून टाकलं.

“‘...आणि माझ्या माणसास खाली उतरवले, त्याबद्दल आभारी आहे. तो प्यालेला होता असे फौजदारांस सांगितले, त्याबद्दलही आभारी आहे. सहादू डोंगऱ्या देवाला माऊली म्हणून बसणार होता. आठ दिवस दारू-मटण बंद होते. संध्याकाळी गावी निघायचा होता. आपले उपकार मी विसरणार नाही.’”

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचं व्रत घेऊन बसणारी माऊली त्या दिवसांत दारूला शिवत नाही, हे हॉलमधल्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नव्हती. त्यांच्या बागांत डोंगरातलीच माणसं छाटणीला येत आणि त्या पंधरवड्यात कितीही मजुरी दिली तरी थांबत नसत.

आण्णांनी किशोरला विचारलं, “काय म्हणतो तो?” किशोर म्हणाला, “काही नाही, चला घरी.” पण आक्काबाई पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठाजवळ आल्या होत्या. त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक मागितला आणि तो आण्णांच्या तोंडासमोर धरला.

“आण्णा, सहादू प्याला व्हता का त्या दिवशी?”

हा प्रश्न मात्र आण्णांना नीट ऐकू आला.

“आता काय त्याचं? तवा तसं सांगावं लागलं. नायतर इहीर बंद पाडली असती फौजदारानं.”

ते चारशे लोकांनी स्पीकरवर ऐकलं. किशोरनं माइकची वायर खेचली, पण बोलून झालं होतं. आण्णांना आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

किशोर आक्काबाईंकडे वळला. “तीस वर्षं आमच्या घरचं खाल्लंत, आज्जी. असले पांग फेडलेत?”

“मंग? आभार मानलेत की. तुझ्या बापानं जपून ठेवलेत. मी कुटं लपवले?”

बाहेर जेवणाच्या पंगती मांडलेल्या होत्या. लोक बसायचं की निघायचं, या विचारात घोळक्यानं उभे होते. दाराशी टेबलावर स्मरणिकांचे गठ्ठे होते. आक्काबाईंनी संध्याला एक गठ्ठा उचलायला लावला.

“आज्जी, एवढ्या कशाला?”

“गावाला. घराघरांत एक. म्होरल्या महिन्यात डोंगऱ्या देव बसंल, तवा सगळी असतील. तू मोठ्यानं वाच, मागलं पान आधी.”

टेबलावरचा माणूस म्हणाला, “बाई, माणशी एकच आहे.”

“हाय ना,” आक्काबाई म्हणाल्या, “गावात माणसं लय हायेत,” आणि दुसरा गठ्ठा स्वतः उचलला.