धुणेवाल्या मावशीचं काय गेलं?

मनोरुग्ण बायकांच्या सरकारी आश्रमाची धुणी मावशी वर्षानुवर्षं धूत होती. ठेका तिच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर तिच्याकडे आला. आतल्या बायकांना आणून सोडणारे नातेवाईक पुन्हा फिरकत नसत. मावशी गाठोडं बांधेपर्यंत एकीची वेणी घालून द्यायची, दुसरीच्या शिव्या ऐकून घ्यायची. "माझ्या सासूपेक्षा बऱ्या देते," म्हणायची.

मग खात्याने हुकूम काढला: आश्रमातल्या रात्रपाळीच्या परिचारिकांची पदं रद्द. संध्याकाळी बाहेरून कुलूप लावायचं, सकाळी उघडायचं. मावशीच्या हाती येणाऱ्या चादरी बदलल्या. रक्त, घाण, दातांनी फाडलेले काठ. एकदा चादरीत केसांचा अख्खा झुबका निघाला. ती अधीक्षकांकडे गेली. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही कपडे धुवा."

तिने एका तरुण वकिलाला गाठलं. त्याचं नाव अजून कुणाला ठाऊक नव्हतं, पण अंगात धग होती. हुकूम रद्द करा, अशी याचिका त्याने मावशीच्या नावाने उच्च न्यायालयात घातली.

सुनावणीला हुकूम योग्य की अयोग्य, हा विषय निघालाच नाही. सरकारी वकील उठले. "याचिकाकर्ती बाधित व्यक्ती नाही. हुकमाने जिचा स्वतःचा हक्क गेला, तिनेच दाद मागायची. ही कोण?"

न्यायमूर्तींनी मावशीकडे पाहिलं. "तुम्ही आश्रमात राहता?"

"नाही साहेब."

"तुमचं कुणी नात्यातलं आत आहे?"

"नाही."

"पदं रद्द झाली म्हणून तुमची नोकरी, ठेका काही गेलं?"

"नाही. उलट धुणं वाढलंय."

कोर्टात हशा पिकला. तरुण वकील तडफडून म्हणाला, "महाराज, ज्यांचं गेलंय त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. त्या इथे येणार कशा?"

"अशाने कुणीही उठून कुणाच्याही वतीने येईल," न्यायमूर्ती म्हणाले. याचिका फेटाळली.

त्याच हिवाळ्यात आश्रमाला आग लागली. कुलूप बाहेरून होतं. सकाळी अधीक्षकांनी निरोप धाडला, की जळालेल्या खोलीतले कपडे वेगळे करायला माणूस हवं. मावशी गेली. चादरी कुठल्या आणि बायका कुठल्या, हे तिला हातांनी सोडवावं लागलं.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दार उघडलं. गरिबीमुळे किंवा असहायपणामुळे ज्यांना कोर्टात येता येत नाही, त्यांच्यासाठी कुणीही सद्हेतूने दाद मागू शकतो. साधं पत्रसुद्धा चालेल. मावशीच्या निकालातला विचार चुकीचा ठरला, तोही एका ओळीत. वकील धावत घाटावर आला. "मावशी, आपण जिंकलो!"

मावशीने पिळा झटकला. "मग आता कुणाला सोडवायचं?"

पुढे अशाच जनहित याचिकांनी वकिलाचं नाव झालं. मोठं कार्यालय, हाताखाली चार जण.

मावशी म्हातारी झाली तेव्हा नदीकाठी उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने जनहित याचिका घातली: धोबीघाटाच्या साबणाने नदी मरते आहे. प्रतिवादी होते नगरपालिका आणि प्रदूषण मंडळ. घाटावरच्या माणसांना कुणी कळवलंच नाही. अधिकाऱ्याचं काय गेलं, हेही या वेळी कुणी विचारलं नाही. नदी सगळ्यांची. घाट पाडायचा आदेश झाला, तो बुलडोझर घाटाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला तेव्हा मावशीला समजला.

सुनेने दागिना मोडून वकील दिला. आम्हालाही ऐका, असा अर्ज केला. अधिकाऱ्याच्या बाजूने उभ्या असलेल्या वकिलाला मावशीने लगेच ओळखलं. केस पिकले होते, आवाज तोच.

"महाराज, हा लोकहिताचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "अर्जदाराचं गाऱ्हाणं वैयक्तिक आहे. पोट बुडत असेल तर पालिकेकडे जावं."

नवे न्यायमूर्ती अर्ज चाळत म्हणाले, "खरं आहे. एकेकाचं नुकसान ऐकत बसलो तर नदी कधी स्वच्छ होणार?" अर्ज फेटाळला.

बाहेर वऱ्हांड्यात त्याने तिला गाठलं. "मावशी, राग धरू नका. अशील आलं की बाजू मांडावी लागते. आजही मी भाषणात तुमच्या केसचं उदाहरण देतो."

"त्यात बायका कशा मेल्या ते सांगता?"

"तेवढा वेळ नसतो," तो म्हणाला, आणि त्याला आतून पुकारा आला.

दुसऱ्या दिवशी घाट फुटला. मावशीला एका खासगी दवाखान्याच्या तळघरात कपडे निवडायचं काम मिळालं. तिथल्या ब्लीचने बोटांची सालं निघायची. सून म्हणाली, "आई, पालिकेत अर्ज टाकायचा का?"

"टाक," मावशी म्हणाली. "माझं नाव घालू नकोस. तुझं घाल. तुझं अजून बरंच जायचंय."