उणे एक, उणे एक, उणे एक

लोहाऱ्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवतो. म्हणजे दरवर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर आणि दरवर्षी तीच हांजी हांजी.

त्या वर्षी पेपर विभागप्रमुखांनी काढला, उत्तरसूचीही त्यांचीच. तपासायला मी. एक प्रश्न पाच गुणांचा: दिलेल्या मॅट्रिक्सनं होणाऱ्या फिरकीचा अक्ष आणि कोन काढा. मॅट्रिक्समध्ये तीन एक, बाकी शून्यं. पहिल्या स्तंभातला एक तळाशी. म्हणजे एक्स अक्ष जातो झेडवर, झेड वायवर आणि वाय एक्सवर. सूचीत उत्तर होतं, अक्ष एक-एक-एक, कोन अधिक एकशेवीस. सगळ्या वर्गानं तेच लिहिलेलं.

नेरकडच्या तांड्यावरची एक पोरगी होती. तिनं लिहिलं, अक्ष उणे एक, उणे एक, उणे एक. कोन एकशेवीस. खाली उजव्या हाताची मूठ काढून अंगठ्यानं दिशाही दाखवलेली. अन् बाप्पा, तिचंच बरोबर होतं!

मी प्रमुखांकडे गेलो.

"ट्रेस शून्य," ते म्हणाले. "त्यातून एक वजा करा, अर्धं करा. कोसाइन उणे अर्धा, कोन एकशेवीस. आयगनव्हॅल्यू एकचा व्हेक्टर एक-एक-एक. चुकलं काय?"

"सर, कोसाइन अधिक एकशेवीसचा न् उणे एकशेवीसचा एकच असते. व्हेक्टरही उलटा केला तरी चालते. फिरते कोणीकडं, ते ट्रेस सांगतच नाही. एक्स झेडवर जाते, म्हणजे सूचीतली दिशा उलटी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "साऱ्या वर्गाचे गुण कापता का आता? तुमची ऑर्डर माझ्याच टेबलावर आहे."

मी बाहेर आलो आणि तिला पाचापैकी दोन दिले. ती दोन गुणांनी नापास झाली. कॅम्पस मुलाखतीत तिची नोकरीसाठी निवड झालेली होती. कंपनीची अट एकच, एकही विषय राहिलेला नको.

ती उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, काहून कापले? दिशा तपासाले तुम्हीच शिकवलं होतं. माझं चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे तुझं."

तिचा चेहरा असा उजळला की माझीच मला किळस आली.

"मंग एवढंच लिहून द्या न, सर. कंपनीवाले शुक्रवारपर्यंत थांबतात."

"हेड सरांना भेट."

"तिथूनच येऊन राह्यली मी. ते म्हणे, तपासणारे सर म्हणतील ते फायनल."

वा रे पठ्ठ्या! दगड माझ्याच हातात ठेवून हेड मोकळा झाला होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या. पेन माझ्या खिशातच होतं.

"सूचीप्रमाणे दोनच बसतात," मी म्हणालो.

ती रडली नाही, भांडली नाही. "बरं सर," म्हणाली, आणि सवयीनं माझ्या पाया पडून गेली.