बॅनरपुढची ओळ

इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या बायकांना शिवणकाम शिकवायचा प्रस्ताव आमच्या कोल्हापूरच्या संस्थेत मी लिहीत होतो. देणगीदाराची अट होती, प्रत्येक खर्चापुढं त्यातून कोणतं काम पुरं होणार ते लिहा. शिलाई मशीनपुढं ‘प्रशिक्षण’ लिहिलं, बॅनरपुढं ‘जनजागृती’. पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या मानधनापुढंही मी ‘प्रशिक्षण’च लिहिलं, तर साहेबांनी ती ओळ खोडली.

"आपण पाळणाघर काढलंय व्हय?"

"मग पोरं कुणाकडं टाकून येतील त्या?"

"त्यांचं त्या बघतील की."

प्रस्ताव मंजूर झाला. पहिल्या दिवशी नव्या मशिनींपुढं शिकवणाऱ्या बाई एकट्याच बसल्या होत्या. बायकांनी त्यांचं बघितलं होतं, त्या घरीच राहिल्या. साहेबांनी बॅनरखाली उभं राहून फोटो काढून घेतला. अहवालात जनजागृती पूर्ण झाली.