दारातल्या ‘हो’ची दुरुस्ती

बोलणं वाऱ्यावर जातं म्हणतात. औषधाचं बोलणं मात्र कुणाच्या तरी पोटात जातं. हे आमच्या बॅगवाल्याला त्या दुपारी कळलं.

बॅगवाला म्हणजे माझा मेहुणा. औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणारा प्रतिनिधी; पायाला भिंगरी. सकाळी दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी त्याला गाठलं आणि मधुमेहावरची नवी गोळी किडनी अधू असलेल्यांना चालते का, असं विचारलं. मागे पेशंट खोळंबलेले. घाईत हा ‘हो’ म्हणून मोकळा झाला. बाई म्हणाल्या, बरं, मग माहिती मेलवर पाठवा.

मेल लिहायला तो दवाखान्यासमोरच्या बाकावर बसला. गोळीचं माहितीपत्रक उघडलं आणि मनात पाल चुकचुकली. किडनी फारच अधू असलेले रुग्ण चाचणीत घेतलेलेच नव्हते. त्यांना गोळी देऊ नये, असं स्पष्ट छापलेलं.

त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, कंपनीनं मंजूर केलेला मजकूर पाठव, माहितीपत्रक जोड, सकाळचा विषय काढू नकोस.

‘‘पण साहेब, मी हो म्हणालोय.’’

‘‘मग आता गप्प बस. या महिन्याच्या विक्रीत आधीच तुझ्या नावानं बोंब आहे.’’

तो उठला, बसला, पुन्हा उठला. बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा तुम्ही न विचारता हो म्हणाला होतात. तेव्हा निभावलं. हे नाही निभावायचं.’’

मग त्यानं लिहिलं: ‘मॅडम, सकाळी मी चुकीचं सांगितलं. किडनी फार अधू असलेल्यांवर या गोळीची चाचणी झालेली नाही. त्यांना ती देऊ नये असं माहितीपत्रकात आहे. पत्रक दुष्परिणामांसह जोडलं आहे. आधीच्या औषधापेक्षा ही सरस आहे, असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. किडनी थोडी अधू असेल तर काय, हा तुमचा प्रश्न कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडे पाठवला आहे; ते तुम्हाला थेट कळवतील.’

मेल गेला, आणि जीव टांगणीला लागला. कुणाच्या हातात गोळीची चिठ्ठी गेली असेल तर? मेल उघडायची वाट कुठवर बघायची? तो उठून दवाखान्यात शिरला आणि स्वागताच्या बाईंना म्हणाला, मॅडमना एवढंच सांगा, मेल आत्ताच्या आत्ता बघा.

मग डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्या.

‘‘एका आजींना लिहून दिली होती. औषधवाल्याला फोन करून थांबवली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘विभागाचं उत्तर येईपर्यंत तुमची गोळी मी लिहिणार नाही.’’

‘‘बरोबर आहे, मॅडम.’’

‘‘आणि हे दारात अजून कुणाला सांगितलंत?’’

तो बॅग खांद्यावर टाकून जवळजवळ धावतच पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्याकडे निघाला.