छापलेल्या क्रमाने

पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचा, पोस्टडॉकचा अर्ज पाठवायला तासभर उरला असताना कुरुंदा गावातल्या घरी रुपा आडेला आपली चूक दिसली. सीव्हीतल्या तिन्ही शोधनिबंधांत तिने आदरापोटी मार्गदर्शकांचे नाव आधी लिहिले होते. छापील निबंधांत मात्र पहिली लेखिका तीच होती. निवड समितीने ताडून पाहिले, तर ती खोटी ठरणार. मार्गदर्शकांचे नाव मागे नेले, तर शिफारसपत्रही देणारे ते खिल्लारे सर दुखावणार. तिने सरांनाच फोन लावून रडवेल्या आवाजात सगळे सांगितले.

“रडून काहून राहिलीस? छापलंय तसंच लिही,” सर म्हणाले. “मान द्यायचा तर माझा ईमेल बराबर टाक.”

तिने क्रम बदलला. मग अनुदान, परिषदा, अध्यापन यांतही कुठे आदर आडवा आला नाही ना, हे तपासत बसली.